कट दिसला पाहिजे : व्हिडिओ एडिटरची शोरील

व्हिडिओ एडिटिंगची कामं स्वतंत्रपणे घेणाऱ्याला नवा क्लायंट पहिल्याच फोनवर म्हणतो, “आधी केलेलं काहीतरी पाठवा ना.” मग पाठवली जाते ती शोरील, म्हणजे आजवरच्या कामांतले निवडक तुकडे जोडून केलेला मिनिट-दीड मिनिटाचा व्हिडिओ. लग्नाच्या फिल्म, यूट्यूबवरच्या मुलाखती, संस्थांचे माहितीपट, कारखान्यांच्या फिल्म, लघुपट अशी कामं करणारे एडिटर आता पुण्या-मुंबईबाहेरही भरपूर आहेत. त्यांच्या शोरील मात्र बऱ्याचदा एकाच साच्यातल्या असतात. जोरकस संगीत, सेकंदाला एक शॉट, ड्रोनमधून दिसणारा किल्ला, मंद गतीत उधळलेला भंडारा आणि शेवटी नाव. बघायला छान वाटतं, पण त्यातून कळतं ते एवढंच की कॅमेरा चांगल्या माणसाच्या हातात होता.

याचं कारण संकलनाच्या स्वरूपातच आहे. छायाचित्रण एका शॉटमध्ये दिसतं, संकलन दोन शॉटच्या मध्ये घडतं. वाक्य कुठे तोडलं, बोलणाऱ्याचा चेहरा सोडून ऐकणाऱ्याचा चेहरा कधी दाखवला, पुढच्या प्रसंगाचा आवाज आधी आत घेतला का, दोन क्षणांची शांतता ठेवली की कापली, हे एडिटरचे निर्णय. ते कळायला प्रेक्षकाला आधीचा शॉट आणि नंतरचा शॉट दोन्ही पुरेसे दिसावे लागतात. सेकंदाला एक शॉट बदलला की प्रत्येक कट सारखाच वाटतो आणि निर्णय दिसेनासे होतात. म्हणून एडिटरच्या शोरीलचा पहिला नियम असा की सुटे सुंदर शॉट घेऊ नयेत, आठ ते पंधरा सेकंदांचे सलग प्रसंग घ्यावेत. क्लिपची निवड, क्रम, लांबी आणि आवाज हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

शोरील कुणासाठी?

निवडीला बसण्याआधी एका कागदावर लिहावं की मला पुढचं काम कुणाकडून हवं आहे. लग्नाच्या फिल्मसाठी विचारणारं जोडपं भावना आणि गाणं बघतं. जाहिरात करवून घेणारा वेग बघतो. सामाजिक संस्थेच्या कार्यालयातल्या माणसाची चिंता वेगळी असते. त्याच्याकडे मुलाखतींचं तासन्‌तास फूटेज पडलेलं असतं आणि त्यातून कुणीतरी पाच मिनिटांची समजेल अशी गोष्ट काढून द्यावी, हे त्याला हवं असतं. एकच शोरील या तिघांना पाठवली तर प्रत्येकाला तिच्यातला थोडाच भाग आपल्या कामाचा वाटतो. जमा केलेलं साहित्य एकच असलं तरी त्यातून दोन किंवा तीन वेगवेगळ्या शोरील बांधायला फार वेळ लागत नाही, कारण खरा वेळ जातो तो निवडीत.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका एडिटरने काही वर्षं मिळेल ते काम केलं आहे. लग्नाच्या बऱ्याच फिल्म, बचत गटावरचा वीस मिनिटांचा माहितीपट, साखर कारखान्याची फिल्म, दोन भावांवरचा एक लघुपट, पाणलोटाचं काम समजावणारी छोटी फिल्म आणि बऱ्याच मुलाखती. आता तिला संस्थांचे माहितीपट मिळवायचे आहेत. तिची शोरील कशी बांधली जाईल, ते पायरीपायरीने पाहू.

आधी गोळा करणं, मग टाकणं

पहिली पायरी म्हणजे क्लायंटला दिलेल्या अंतिम प्रती एका टाइमलाइनवर ओळीने मांडणं आणि एकदा सगळ्या पाहून काढणं. पाहताना जिथे आपला निर्णय आठवतो तिथे खूण करायची. शॉट सुंदर आहे म्हणून खूण करायची नाही. प्रत्येक खुणेसमोर एक वाक्य लिहायचं : इथे मी काय केलं? वाक्य सुचलं नाही तर तो तुकडा बाद.

ही कसोटी लावली की आवडते शॉट गळायला लागतात. आपल्या एडिटरकडे एका लग्नाचा ड्रोन शॉट आहे. संध्याकाळचा वाडा, अंगणात दिवे, कॅमेरा हळूहळू वर जातो. तिच्या सगळ्या संग्रहात याहून देखणं काही नाही. समोर लिहायला गेली तर वाक्य होतं, “ड्रोन छान उडाला.” तो शॉट गेला. त्याउलट बचत गटाच्या माहितीपटात पिठाच्या गिरणीच्या मालकिणीची मुलाखत आहे. प्रकाश साधा, मागे कॅलेंडर, चौकटही थोडी वाकडी. पण तिथे लिहिण्यासारखं बरंच आहे.

त्या तुकड्यात घडतं ते असं. बाई पहिल्या कर्जाची गोष्ट सांगताहेत. मूळ बोलणं चाळीस सेकंदांचं, मध्ये दोनदा पुनरुक्ती, एकदा शेजारच्याने हाक मारलेली. एडिटरने ते चौदा सेकंदांवर आणलं आहे. जिथे वाक्य तोडलं तिथे चित्रावर बाईंचे हात दाखवले, त्यामुळे जोड दिसत नाही. “बँकेत गेले तेव्हा सही येत नव्हती,” असं म्हणून त्या थांबतात. ही शांतता मूळ फूटेजमध्ये जवळपास दोन सेकंदांची आहे आणि ती पूर्ण ठेवली आहे. त्या शांततेच्या शेवटी, चेहरा पडद्यावर असतानाच, गिरणी सुरू झाल्याचा आवाज येतो आणि अर्ध्या सेकंदाने गिरणी दिसते. पुढच्या दृश्याचा आवाज असा आधी आत घेण्याला एडिटर जे-कट म्हणतात. पाहणाऱ्याला ही संज्ञा माहीत नसली तरी सही न येणारी बाई आणि चालू गिरणी यांचा संबंध त्याच्या मनात जुळतो. कुणी बोलून सांगितलेला नाही, तो कटने सांगितला आहे. माहितीपट करवून घेणाऱ्या संस्थेला नेमकं हेच विकत घ्यायचं असतं.

‘द इंग्लिश पेशंट’ या १९९६च्या चित्रपटासाठी संकलनाचं ऑस्कर मिळवणारे वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटच्या सहा कसोट्या सांगितल्या आहेत. त्यांत भावनेला सर्वाधिक, ५१ टक्के वजन दिलं आहे. त्यानंतर कथा आणि लय येतात. शॉटमधलं स्थान-दिशेचं सातत्य शेवटी. शोरीलसाठी तुकडे निवडताना हाच उतरता क्रम कामी येतो. चौकट थोडी वाकडी असलेला पण भावना नेमकी पकडणारा तुकडा, निर्दोष पण थंड तुकड्याच्या आधी घ्यावा.

एक वेगळी चाचणीही करावी. तुकडा आवाज बंद करून पाहावा आणि मग चित्र झाकून नुसता ऐकावा. दोन्ही वेळा गोष्ट पुढे सरकत असेल तर तुकडा मजबूत आहे. आवाज बंद केल्यावर काहीच उरत नसेल तर त्यात बोलणं चांगलं होतं, संकलन नव्हे. नुसतं ऐकताना जोडावर खटका येत असेल, मागचा पंख्याचा आवाज एकदम गायब होत असेल, तर आधी तो दुरुस्त करावा. शोरीलमधला असा एक खटका अनुभवी क्लायंटच्या लगेच कानावर येतो.

पाच तुकडे आणि त्यांचा क्रम

आपल्या एडिटरकडे खुणा तीसेक झाल्या, वाक्यं लिहून झाल्यावर अकरा उरल्या आणि शेवटी पाच राहिल्या. क्रम लावताना लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट ही की क्लायंट शोरील शेवटपर्यंत पाहीलच असं नाही. म्हणून ज्या प्रकारचं काम हवं आहे त्यातला सर्वांत भक्कम तुकडा पहिला. तिच्या शोरीलमध्ये तो गिरणीचा. सुरुवातीला नावाची फिरती अक्षरं आणि बोधचिन्ह यांत पाच-सात सेकंद घालवायचे नाहीत. पहिल्या तुकड्यावरच खाली कोपऱ्यात नाव येऊन जातं.

त्यानंतरचा तुकडा पहिल्यापेक्षा स्वभावाने वेगळा हवा. दोन मुलाखती लागोपाठ आल्या तर या बाईला एवढंच येतं असं वाटतं. म्हणून दुसरा साखर कारखान्याचा, तेरा सेकंद. त्यात कुणी बोलत नाही. उसाच्या मोळ्या पट्ट्यावर पडतात, मिलचे रोलर फिरतात, साखर चाळणीवर नाचते, शेवटी पोतं शिवलं जातं. कट वेगाने येतात, पण ते संगीताच्या ठेक्यावर नाहीत, यंत्रांच्या स्वतःच्या आवाजांवर आहेत. शिलाई यंत्राच्या टकटकीवर शेवटचे चार कट बसवले आहेत. लय म्हणजे काय ते इथे दिसतं.

तिसरा लघुपटातला, अकरा सेकंद. दोन भाऊ वाटणीबद्दल बोलताहेत. मोठा बोलतो आहे, पण त्याच्या सर्वांत कठोर वाक्यावर पडद्यावर धाकटा आहे. त्याने नजर खाली नेली की कट. संवाद हाताळता येतो याचा हा पुरावा, आणि वेग पुन्हा खाली आला. चौथा पाणलोटाच्या फिल्ममधला, फक्त आठ सेकंद : नकाशावर नाला, बांध, विहीर, आणि निवेदन संपताच खऱ्या विहिरीचं पाणी. माहिती सोपी करून सांगता येते, हे दाखवायला एवढं पुरतं. तो चौथ्या जागी आहे कारण पाचांत तो सर्वांत साधा आहे. मधल्या जागेवर त्याने नुकसान होत नाही.

शेवटच्या जागी दुसऱ्या क्रमांकाचा मजबूत तुकडा ठेवतात, कारण पाहणारा फोन उचलायचा की नाही हे त्यानंतर ठरवतो. इथे तो पुन्हा बचत गटाच्या माहितीपटातला आहे, पण वेगळ्या प्रसंगाचा. गटाच्या बैठकीत हिशेब वाचला जातो, एक आकडा चुकीचा वाचला जातो आणि सगळ्या जणी एकदम बोलायला लागतात. तीन-चार चेहरे, तुटक वाक्यं, आणि त्या गलबल्यातून योग्य आकडा सांगणारा एक आवाज वर येतो. पंधरा सेकंदांत गोंधळ उलगडून दाखवला आहे. पुढे पाच सेकंद नाव, फोन आणि ईमेल. नंबर वाचून लिहून घेता येईल इतका वेळ ती पाटी राहायला हवी.

चौदा, तेरा, अकरा, आठ, पंधरा आणि पाटीचे पाच. बेरीज सहासष्ट सेकंद.

लांबी कशी ठरते

मिनिट ते दीड मिनिट ही लांबी या व्यवसायात साधारण मान्य आहे. पण तो आकडा आधी ठरवून भरायचा नसतो. शोरीलची लांबी ठरवतो तो तिच्यातला सर्वांत कमजोर तुकडा. चार चांगल्या तुकड्यांनंतर पाचवा बरा म्हणून जोडला, तर क्लायंट पाचव्यावरून अंदाज बांधतो : वेळ कमी असेल तेव्हा आपल्याला असंच काम मिळेल. काम कमी असेल तर पंचेचाळीस सेकंदांची शोरील पाठवण्यात काहीही कमीपणा नाही.

दोन मिनिटांच्या पुढे जाण्याचा मोह होतो तो सगळी कामं दाखवायच्या हौसेने. त्याची सोय निराळी करावी. शोरीलच्या खाली दोन-तीन पूर्ण फिल्मच्या लिंक द्याव्यात. काम देण्याचा गंभीरपणे विचार करणारा माणूस त्या उघडतोच, कारण वीस मिनिटांची गोष्ट तुम्ही पेलता का हे पंधरा सेकंदांच्या तुकड्यावरून त्याला कधीच कळणार नाही. शोरीलची ही मर्यादा आहे. ती दरवाजा उघडते. रचना, शिस्त आणि तारीख पाळण्याची सवय या गोष्टी पूर्ण फिल्ममधून आणि बोलण्यातून कळतात.

आवाज, आणि तुकड्यांमधले सांधे

सगळ्या शोरीलखाली एकच संगीत लावण्याची पद्धत जाहिरातींच्या किंवा लग्नाच्या शोरीलला चालते. माहितीपटाच्या शोरीलमध्ये ती घात करते. संगीत मोठं ठेवलं तर बोलणं झाकतं, लहान ठेवलं तर कुरकुरतं, आणि एडिटरने रचलेले खरे आवाज ऐकूच येत नाहीत. शिवाय चांगलं गाणं कुठल्याही शॉटना लय देतं, त्यामुळे ती लय कुणाची हे पाहणाऱ्याला कळत नाही. आपल्या एडिटरने प्रत्येक तुकड्याचा मूळ आवाज ठेवला. दोन तुकड्यांमध्ये आठ-दहा फ्रेमचा काळा पडदा, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा, आणि आधीच्या तुकड्याचा आवाज त्या काळ्यात विरून जातो. एवढ्याने एक प्रसंग संपून दुसरा सुरू झाल्याचं स्पष्ट होतं. फिरणाऱ्या, उडणाऱ्या ट्रांझिशनची गरज पडत नाही.

वेगवेगळ्या फिल्ममधले आवाज वेगवेगळ्या उंचीचे असतात. ते जुळवले नाहीत तर मुलाखतीसाठी आवाज वाढवलेल्या माणसाला कारखान्याचा रोलर दचकवतो. सगळ्या तुकड्यांतलं बोलणं आधी एका पातळीवर आणावं आणि बाकीचे आवाज त्याच्या आजूबाजूला बसवावेत. भाषेचाही विचार करावा. क्लायंट मराठी नसेल तर इंग्रजी किंवा हिंदी सबटायटल हवीत, नाहीतर सही न येण्याचं वाक्य आणि त्यानंतरची शांतता दोन्ही वाया जातात.

चित्रातला एक दोष वारंवार दिसतो. आपल्याकडे टीव्हीच्या परंपरेने बरंच काम सेकंदाला २५ फ्रेमने होतं, लघुपट २४ने, मोबाइलवर केलेलं चित्रण बहुधा ३०ने. हे सगळं एका टाइमलाइनवर टाकलं की सॉफ्टवेअर मध्येच फ्रेम गाळतं किंवा दुप्पट करतं आणि कॅमेरा आडवा फिरतो तिथे चित्र हलकेच अडखळतं. बहुतेक तुकडे ज्या वेगाचे आहेत तो टाइमलाइनला द्यावा आणि बाकीच्यांतले फिरते शॉट पूर्ण पडद्यावर तपासावेत. अडखळ डोळ्याला दिसली तर त्याच प्रसंगातला स्थिर कॅमेऱ्याचा भाग घ्यावा.

यासाठी पुढच्या कामांपासून एक सवय लावून घ्यावी. क्लायंटला अंतिम प्रत देताना स्वतःसाठी आणखी एक प्रत काढावी, जिच्यावर नावं, पट्ट्या काही नसतील आणि जिच्यात बोलणं, संगीत, इतर आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर असतील. काही महिन्यांनी हार्ड डिस्कवरचं मूळ फूटेज पुसलेलं असतं. तेव्हा तुकड्याखालचं दुसऱ्याचं संगीत काढायचं म्हटलं तर याच प्रतीवर भागतं.

परवानगी आणि श्रेय

काम आपण केलं म्हणजे ते आपल्या मालकीचं झालं, असा समज सर्रास आहे. प्रताधिकार कायदा, १९५७च्या कलम १७नुसार, मोबदला देऊन कुणी फिल्म करवून घेतली तर, उलट करार नसेल तेव्हा, तिचा पहिला मालक ती करवून घेणारा असतो. म्हणून काम घेतानाच करारात किंवा निदान ईमेलमध्ये एक ओळ टाकून घ्यावी : फिल्म प्रसिद्ध झाल्यानंतर तिच्यातला तीस सेकंदांपर्यंतचा भाग माझ्या शोरीलमध्ये वापरण्यास हरकत नाही. प्रसिद्ध झाल्यानंतर हे शब्द महत्त्वाचे. प्रदर्शनाआधी तुकडा बाहेर आला तर संबंध कायमचे बिघडतात. लग्नाच्या फिल्ममध्ये माणसांचे खासगी क्षण असतात, तिथे जोडप्याला प्रत्यक्ष तुकडा दाखवून विचारावं. संगीताचा परवाना क्लायंटच्या फिल्मपुरता असू शकतो, त्यामुळे तो तुकडा यूट्यूबवर टाकल्यावर हक्काचा दावा येऊ शकतो. ज्याचा परवाना आपल्याजवळ आहे असं संगीत बसवणं किंवा मूळ आवाजांवर भागवणं हे दोन सुरक्षित मार्ग.

प्रत्येक तुकड्यावर खाली लहान अक्षरांत कामाचा प्रकार आणि आपला वाटा लिहावा : “माहितीपट, संकलन”, “लघुपट, सहसंकलन”. रंगसंगती दुसऱ्याने केली असेल तर तिचं श्रेय घेऊ नये. हा व्यवसाय ओळखींवर चालतो आणि तो लघुपट पाहिलेला कुणीतरी क्लायंटच्या शेजारीच बसलेला असतो.

पाठवण्याआधी

शोरील तयार झाली की ती एडिटिंगशी संबंध नसलेल्या दोन-तीन माणसांना मोबाइलवर, फोनच्याच स्पीकरवर दाखवावी आणि आपण पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघावं. नजर कुठे हटली ती वेळ टिपावी. संपल्यावर “आवडलं का?” असं विचारू नये, कारण सगळे हो म्हणतात. विचारावं, “ही बाई काय काम करते असं वाटतं? कोणता प्रसंग आठवतो?” आपल्या एडिटरला पहिल्या प्रश्नाचं उत्तर “माणसांच्या खऱ्या गोष्टी सांगते” अशा अर्थाचं मिळालं तर शोरील बरोबर आहे. “शूटिंग छान करते” असं मिळालं तर अजून एखादा देखणा शॉट आत राहिला आहे, तो शोधून काढावा.

फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नये. तिथे ती दाबली जाऊन चित्र पसरतं. लिंक पाठवावी. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच लिंकवर नवी फाइल टाकता येत नाही, त्यामुळे शोरील बदलली की नवी लिंक सगळीकडे द्यावी लागते. म्हणून ओळखपत्रावर किंवा ईमेलच्या सहीत स्वतःच्या पानाचा पत्ता द्यावा आणि व्हिडिओ त्या पानावर बदलत राहावा.

बदलाचा हिशेबही सोपा ठेवावा. नवं चांगलं काम झालं की त्याचा तुकडा घ्यायचा आणि जुन्यांतला सर्वांत कमजोर काढायचा. लांबी तेवढीच राहते आणि खालची पातळी दर वेळी वर सरकते. शेवटी, प्रत्येक तुकड्यासमोर लिहिलेली ती वाक्यं जपून ठेवावीत. क्लायंट फोन करून म्हणतो, “ते गिरणीचं आवडलं, ते कसं केलं?” तेव्हा चाळीस सेकंदांचे चौदा कसे झाले आणि शांतता का ठेवली, हे सांगता आलं की पुढचं बोलणं मानधनावर येतं.